लाईट जायची तेव्हाचा प्रोग्राम

भंडाऱ्यातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये लाईट गेली की पहिला आवाज सरांचा यायचा, "चला, बाहेर चला." आम्ही पायऱ्यांवर येऊन बसायचो. कोणाच्या तरी पिशवीतून मुरमुरे निघायचे, आणि सर फरशीवर खडूने चौकोन काढून तोच धडा पुन्हा सांगायचे. लाईट गेली की मशीन डोक्यातलं सगळं विसरते. जे जपायचं असेल ते आधी डिस्कवर लिहून ठेवा. लोडशेडिंगला सगळं गाव शिव्या घालायचं. मला मात्र ते दिवस इतके आवडायचे, की लाईट लवकर आली तर चिडचिड व्हायची.

तेव्हाच सरांनी सिहोऱ्याकडच्या एका राईस मिलसाठी काट्याचा प्रोग्राम लिहिला. काटा म्हणजे गाडीसकट वजन करणारा मोठा काटा. धानाची भरलेली ट्रॉली त्यावर चढते, वजन होतं, ट्रॉली आत जाऊन रिकामी होते, परत काट्यावर येते, आणि दोन्ही वजनांची वजाबाकी होऊन पावती निघते. पुढे सरांनी त्यात कॅमेराही जोडला, म्हणजे प्रत्येक ट्रॉलीचा फोटो वजनाबरोबर येऊ लागला. प्रत्येक वजन झाल्या झाल्या डिस्कवर लिहिलं जायचं. लाईट मध्येच गेली तरी आत असलेली एकही ट्रॉली हरवायची नाही, मशीन पुन्हा सुरू झालं की तेवढ्या ट्रॉल्या बरोबर समोर यायच्या.

आता क्लास बंद झाला आहे. सर पवनीला आपल्या घरी असतात. त्यांनी जिल्हाभर लिहून दिलेले प्रोग्राम एकेक करून गेले, कुठे दुकान बंद पडलं, कुठे नवीन काहीतरी आलं. राहिला तो हा एकच, आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. दर रविवारी सरांचा फोन येतो. माझी तब्येत, घरचे, पाऊसपाणी, काही विचारत नाहीत. एकच प्रश्न: "चालू हाये?" मी म्हणते, चालू आहे सर. मग ते फोन ठेवतात. या माणसाला लाडात येणं कधी जमलंच नाही, आणि मला त्यांच्यावर रागावणं जमलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर धानाची आवक सुरू झाली आणि काटा रडायला लागला. पावती निघायला वेळ, बटण दाबलं तर पडदा गोठलेला, आणि शेवटी प्रोग्राम आपोआप बंद. बाहेर ट्रॅक्टरांची रांग मेन रोडपर्यंत. मी धावत गेले. कॅमेऱ्याची वायर खराब वाटली म्हणून बदलली, मशीन पुन्हा सुरू केलं, काटा सुरेख चालला. मी कॉलर ताठ करून परत आले. आठवड्याभरात तेच. मग व्हायरस शोधला, मशीन पुन्हा सुरू केलं, सुरेख चाललं. मग प्रिंटरवर संशय घेतला. प्रत्येक वेळी माझा इलाज लागू पडायचा आणि प्रत्येक वेळी दुखणं परत यायचं. एखाद्या वैदूची व्हावी तशी माझी ख्याती झाली होती.

प्रोग्राम मेमरी अडवून बसतोय का, ही शंका मला पहिल्याच दिवशी आली होती. म्हणून काट्यावर बसणाऱ्या भाऊंना मी विचारलंही होतं, "मशीन रोज बंद करता ना?"

"मंग! रोज संध्याकाळी बंद करतो, अगरबत्ती लावून," ते म्हणाले. "त्याले बी आराम पाहजे ना, ताई."

रोज बंद होणाऱ्या मशीनमध्ये आठवड्याची मेमरी साचणार कुठून? मी ती शंका सोडून दिली.

मग मिलच्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण सीझनमध्ये त्यांच्या कपाळाची आठी उतरत नाही. "म्याडम, सोमवारी नागपूरचे लोक येऊन राहिले. नवीन सॉफ्टवेअर टाकून देतो. तुमच्या सरांबद्दल मले आदर हाये, पण रांग पाहा तुम्ही." मी रांग पाहिली. परत येताना सरांचा रविवारचा फोन आठवला. 'चालू हाये?' ला मी काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी मी ठरवून काट्याच्या खोलीत ठाण मांडून बसले. संध्याकाळी शेवटची ट्रॉली गेली. भाऊंनी अगरबत्ती लावली, हात जोडले, स्क्रीनच्या खालचं बटण दाबलं, पडदा काळा झाला. कोंडा बसू नये म्हणून त्यांनी त्यावर धुतलेला पंचा टाकला आणि म्हणाले, "झालं बंद. चला."

टेबलाखाली मशीनच्या डब्याचा हिरवा दिवा जळत होता. पंखा घरघरत होता.

मी डोक्याला हात लावला. भाऊ रोज फक्त स्क्रीन बंद करत होते! त्यांचंही काही चूक नव्हतं. दसऱ्याला पूजा झाली की सीझन संपेपर्यंत काट्याचं मशीन बंद करायचं नाही, ही मिलची जुनी रीत, आणि पडदा मिटला म्हणजे मशीन झोपलं असा त्यांचा साधा समज. रीतही पाळली गेली, आरामही झाला. इतकी वर्षं त्याने काही बिघडलं नाही, कारण लाईटच रोज जायची. या सीझनला मिलवर सोलर बसलं, मोठा इन्व्हर्टर आला, आणि काट्याची लाईट जायची थांबली. दसऱ्यापासून ते मशीन बंद पडलं असेल तर फक्त माझ्या इलाजाच्या वेळी. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

पंचा उचलून मी पुन्हा पडदा लावला आणि प्रोग्रामने किती मेमरी धरली आहे ते पाहिलं. आकडा अवाढव्य होता. सकाळी ट्रॉल्या सुरू झाल्यावर नुसती बघत राहिले. ट्रॉली चढली, आकडा वाढला. ट्रॉली रिकामी होऊन पावती घेऊन गेली, आकडा तिथेच. पुढची आली, पुन्हा वाढला. लग्नात पंगत उठते, पण पत्रावळी कोणी उचलतच नाही, असं चाललं होतं. आधी नव्या माणसाला जागा शोधायला वेळ लागतो, मग जागाच उरत नाही.

सरांनी ज्या भाषेत लिहिलं होतं तिच्यात मेमरीची झाडलोट करणारा असतो. ज्या वस्तूला कोणी धरून ठेवलेलं नाही ती तो काढून टाकतो. पण प्रोग्राममध्ये ट्रॉल्यांची एक यादी होती, आणि गेलेल्या ट्रॉल्यांचाही हात तिने फोटोसकट सोडला नव्हता. झाडणाऱ्याला वाटायचं, या लागतात अजून. मेमरी भरली की मशीन त्यातलं काही डिस्कवर नेऊन ठेवायचं, आणि मेमरीच्या मानाने डिस्क फारच सुस्त. नवीन ट्रॉली आली की प्रोग्राम ती आधी आली होती का हे बघायला पूर्ण यादी चाळायचा, झाडणारा पुन्हा पुन्हा सगळं तपासत फिरायचा, आणि डिस्कवर नेलेलं परत आणावं लागायचं. त्यात जीव जायचा त्याचा.

दुरुस्ती मी तिथेच करू शकले असते. केली नाही. तडक पवनीला गेले आणि सरांना गाडीत घातलं. काट्याच्या खोलीत आल्यावर त्यांनी चष्मा पुसला, आपलाच प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हे चुकून नाही राहिलं, पोरी. मुद्दाम ठेवलं मी."

"काहून सर?" मी विचारलं. त्यांच्यासमोर माझी भाषा आपोआप पायऱ्यांवर जाऊन बसते.

"ट्रॅक्टरवाले पावती हरवत जात. दोन घंट्यानं परत येत, अजून एक काढून द्या म्हणत. डिस्कवरून शोधाले तेव्हा लय वेळ लागे. म्हणून हाताशीच ठेवली. काढाची कायले? रोज लाईट जाय. झाडलोट ते करत जाय." त्यांनी पडद्यावरच्या त्या यादीवर बोट ठेवलं. "लाईट जाणंच बंद होईल, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही."

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. एका बोटाने, सावकाश, त्यांनी ती ओळ लिहिली: रिकाम्या ट्रॉलीची पावती निघाली की तिला यादीतून काढ. मी दुसरी पावती डिस्कवरून काढायची सोय केली. आताच्या डिस्कला तेवढ्यासाठी वेळ लागत नाही. भाऊंना स्क्रीन आणि मशीन यांतला फरक सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पंचा मात्र घडी करून जवळच ठेवला.

मग ट्रॉल्या येत राहिल्या आणि आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. वाढायचा, वाढायचा, मग झाडणारा फिरला की खाली यायचा. पुन्हा वाढायचा, पुन्हा खाली. दुपार टळली तरी आकडा सकाळच्याच घरात. शेठ दारात येऊन उभे राहिले, रांगेकडे पाहिलं, आणि तिथूनच नागपूरला फोन लावला, "सोमवारी नका येऊ." सर आकड्यावरून नजर काढत नव्हते. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी क्लास बंद झाल्यापासून पाहिला नव्हता.

तेवढ्यात लाईनची लाईट गेली. डोक्यावरचा पंखा थांबत गेला, मिलचा खडखडाट बसला. सर सवयीने उठले, "चला, बाहेर चला" म्हणाले, आणि मी सवयीने त्यांच्या मागे गेले. आम्ही पोत्यांच्या थप्पीवर बसलो. माझ्या पिशवीत मुरमुरे नव्हते याचं मला खरोखर वाईट वाटलं. फरशी होती, खडूही शोधला असता तर मिळाला असता. मनात आलं, आता लाईट अजिबात येऊ नये.

आतून प्रिंटरचा आवाज आला. पावती निघाली होती. इन्व्हर्टरवर काटा चालू होता, आणि भाऊ पुढच्या ट्रॉलीला हाक मारत होते.

सरांनी मान वळवून ऐकलं. "चालू हाये?"

"चालू हाये, सर."

एक ट्रॉली चढली, एक उतरली. आत कोणाला आमची गरज पडली नाही. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, आणि म्हणाले, "मंग आता मले घरी नेऊन सोड."