परतीच्या नियमांतल्या चुका

ग्राहक तक्रार कार्यालयातून निवृत्त झालेल्या कारकुनाला गल्लीत सगळे काका म्हणत. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं. एकदा कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाची मालकीण कागद घेऊन आली. एका गिऱ्हाइकाशी तिचं वाजलं होतं. माल परत घेण्याचे नियम तपासून हवे होते.

काम अर्ध्या तासाचं होतं. काकांनी ते चार दिवस पुरवलं. रोज दुपारी दुकानात जायचं आणि एकच चूक दाखवायची.

"'ठरावीक मुदतीत' म्हणजे किती दिवस? आकडा लिहा, आणि कधीपासून मोजायचे तेही."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "खोका न उघडलेला हवा म्हणता, मग चप्पल घालून बघायची कशी?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी 'मालकाचा निर्णय अंतिम' हे वाक्य खोडलं आणि सदोष मालाचे पैसे परत मिळतील, असं लिहायला लावलं. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकांची पळवाट बुजवली. "दोष नसलेली, पण बाहेर वापरलेली चप्पल परत घेणार नाही, हे लिहा. नाहीतर लोक लग्नात मिरवून आणून देतील." ती खळखळून हसली.

पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "काका, आता काही राहिलं का? पाटी रंगवायला द्यायचीय."

काकांनी कागद दोनदा वाचला. सगळं चोख होतं. उगाच खोट काढणं त्यांच्या जिवावर आलं.

"काही नाही राहिलं."

"सुटले बाई!" म्हणत ती गिऱ्हाइकाकडे वळली.

काका चहा संपवून घरी आले. दुपार अजून बरीच उरली होती.