वर्गातली रिकामी खुर्ची

नोकरी सोडून अकरा वर्षं झाल्यावर त्याच पाइपलाइनच्या डिझाइन कंपनीत ती परत गेली, ती ‘पुनरागमन’ नावाच्या कार्यक्रमातून. कार्यक्रम कागदावर छानच होता. सहा महिने प्रशिक्षणार्थी म्हणून काम, सुरुवातीला अर्धाच दिवस, मग हळूहळू तास वाढवायचे. रोज सकाळी नव्या सॉफ्टवेअरचा वर्ग आणि त्यानंतर विभागात काम. शेवटी परीक्षा आणि मुलाखत, आणि जमलं तर कायम नोकरी. तिला ती कायम नोकरीच हवी होती, दुसरं काही नको होतं.

अर्धा दिवस म्हणजे काय, ते घरच्यांनी आपापल्या सोयीनं ठरवलं. नवरा म्हणाला, “अगं, दुपारी तर तू घरीच असणार ना? मग गॅसवाल्याला दुपारचंच बोलावतो.” सासूबाईंच्या डोळ्यांचा डॉक्टरही दुपारचाच ठरला. म्हणजे तास कमी झाले ते फक्त ऑफिसात. घरच्या कामातलं एक मिनिट कुणी कमी करेल तर शपथ!

खरा घोळ मात्र ऑफिसातच झाला. विभागप्रमुख जुन्या ओळखीचे. पूर्वी ती त्यांच्याच हाताखाली नकाशे तपासायची. पहिल्याच आठवड्यात ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

“बाई, जरा बाहेर येता? एवढं एक बघून द्या. पोरांनी पाइपाचा उतार कसा धरलाय बघा, सांडपाणी काय डोंगर चढून जाणार?”

ती उठली. चूक तिनं उभ्या उभ्या दाखवली. साहेब खूश, ती त्याहून खूश. अकरा वर्षांत तिला ‘डबा कुठाय’ आणि ‘किल्ली कुठाय’ याखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं हो! दुसऱ्या दिवशी साहेब परत आले, मग तिसऱ्या दिवशीही. पुढे पुढे ती सकाळी थेट त्यांच्याच टेबलाशी जाऊन बसायला लागली. आपल्यावाचून विभागाचं अडतं म्हटल्यावर नोकरी कुठे जाते, असं तिला वाटायचं. वर्गात बाकीच्या बायका नव्या पद्धतीनं त्रिमितीय मॉडेल उभं करायला शिकत होत्या, आणि ही तिकडे कागदावर लाल पेन चालवत होती.

परीक्षेच्या दिवशी तिला एक छोटं पंपघर मॉडेलमध्ये उभं करायला दिलं. डोक्यात सगळं लख्ख होतं, पण बोटांना सॉफ्टवेअरच्या आज्ञा सापडेनात. अर्धा पाइप हवेत लटकत राहिला आणि वेळ संपली.

मुलाखतीला तिघं होते: कार्यक्रमाच्या समन्वयक बाई, प्रशिक्षक आणि विभागप्रमुख. आणि हजेरीचा प्रश्न विचारला कुणी, तर साहेबांनीच!

“बाई, वर्गातली तुमची हजेरी फारच कमी दिसते. असं कसं?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “साहेब, माझी हजेरी तुमच्या टेबलावर लागलीये! रोज कोण बोलवायला येत होतं?”

साहेब चष्मा पुसायला लागले. समन्वयक बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अहो, वर्गाच्या वेळात विभागानं काम द्यायचंच नाही, असा नियम आहे. तुम्ही मला एका शब्दानं का नाही सांगितलं?”

का नाही सांगितलं? कारण बोलावलं की बरं वाटायचं. हे तिघांसमोर कोणत्या तोंडानं सांगणार?

निकाल असा लागला: कायम नोकरी नाही. नव्या तुकडीबरोबर प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून, त्याच मानधनावर. नवरा म्हणाला, “चला, म्हणजे दुपारी घरीच आहेस अजून.” तिनं हातातलं पातेलं इतक्या जोरात आपटलं की सासूबाई बाहेर येऊन मुलालाच म्हणाल्या, “तू गप्प बस रे जरा.”

नव्या वर्गात ती मागच्या बाकावर बसली. पहिलाच धडा, रेघ कशी ओढायची. ऐकताना कान तापत होते. तेवढ्यात दार किलकिलं झालं. साहेब! त्यांनी हिच्याकडे पाहिलंच नाही. पुढच्या रांगेत एक नवी बाई बसली होती, तिला ते हळूच म्हणाले, “मॅडम, तुम्ही पूर्वी पंपांचं काम केलंय ना? एक नजर टाकता का?”

त्या बाईचा चेहरा असा उजळला! पर्स तिथेच ठेवून ती लगबगीनं उठलीसुद्धा.

“खाली बस!” मागून ही ओरडली. प्रशिक्षकाच्या हातातला खडू थांबला. सगळा वर्ग वळून बघायला लागला, साहेबही. “अगं बाई, खाली बस म्हणते ना!”