सुनेची बोटं आणि माझा अंगठा

"बाबाजी, बुरा मानू नका, पण तुमच्या सुनेच्या नखाले बुरशी लागली हाये. तिच्या हातची रोटी पंगतीत कशी वाढू मी?"

आचारी हे माझ्याच दारात, माझ्याच खुर्चीवर बसून बोलला. चहा पिऊन झाल्यावर बोलला, आधी नाही.

हा लग्नाच्या स्वयंपाकाची कामं घेतो. आमच्या घरची लंबी रोटी त्याच्याकडे बरीच वर्षं जात होती. आधी माझी बायको करायची. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. जाण्याआधी सुनेचा हात तिने तयार करून ठेवला होता. उपड्या मटक्यावर रुमालासारखी पातळ रोटी टाकणं सोपं नाही. कणीक पाण्यात भिजवून भिजवून, आपटून आपटून इतकी सैल करावी लागते की ती हातावरून वाहते. मग ती दोन्ही हातांवर झुलवत मोठी करायची. नंदनवन वस्तीत आमच्या गल्लीत हे आता एकटी सून करते. मी चौथी नापास माणूस, मला बाकी कशाचा गर्व नाही. याचा आहे.

"कोणं सांगतलं तुले बुरशी हाये?" मी विचारलं.

"सांगाले काय लागते? दिसतेच ना. लोकं पाहून राहिले. दोन लग्नं हाये पुढं, मी दुसरी बाई पाहतो."

सून आतून ऐकत होती. आचारी गेल्यावर बाहेर आली. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून कधी तरी घरी येतो, म्हणून घरात आम्ही दोघंच. मी तिला म्हणालो, "दाखव वं हात."

तिने दाखवले. उजव्या हाताची तीन बोटं आणि डाव्याची दोन. नखाच्या मुळाशी चामडी लाल, फुगलेली, चकचकीत. नखांवर आडव्या लाटा. मेडिकलवाल्याकडून तिने बुरशीचा मलम आणला होता, तो संपवला होता. रोज संध्याकाळी मीठ-हळदीच्या गरम पाण्यात बोटं बुडवून बसत होती. मी पाहत होतो आणि मला वाटत होतं की पोरगी थकून बसली आहे.

"दुखते काय?"

"दुखते मामाजी. पण ते जाऊ द्या. कोणाच्या पोटात काही गेलं असंल त? मी नाही करत आता रोटी. आईंचं नाव खराब होईल."

आई म्हणजे तिची सासू. मला राग आला. कोणावर ते कळेना. म्हणालो, "एका आचाऱ्याच्या तोंडावर काम सोडते काय? चाल, डॉक्टरले दाखवू. बुरशी हाये म्हणंल त सोड."

दुसऱ्या दिवशी सदर भागात एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्या मुलाएवढ्या असतील. त्यांनी सुनेचे हात दिव्याखाली धरले, फुगलेली चामडी दाबून पाहिली, पू आहे का ते पाहिलं. नव्हता. मग विचारलं, "हात किती वेळ पाण्यात असतात?"

सुनेने सगळं सांगितलं. कणीक, भांडी, धुणं, मीठ-हळदीचं पाणी.

"आणि नखं कशाने साफ करता?"

सून म्हणाली, "पिनेनं. नखाच्या कोपऱ्यात कणीक सुकून बसते. सासूबाई म्हणत, रोटी करणारीच्या नखात कणीक दिसली नाही पाहिजे. मी रोज काढतो."

डॉक्टरीणबाईंनी हात खाली ठेवला. म्हणाल्या, "ही बुरशी नाही. नखाच्या मुळाशी चामडीची एक पातळ किनार असते, नखाला चिकटलेली. खिडकीच्या काचेला पुट्टी असते ना, तशी. सतत ओली राहून आणि पिनेने तुमची ती किनार गेली. मग पाणी, साबण, कणीक सरळ आत शिरतं आणि चामडी सुजते. तिथून नख उगवतं, म्हणून नखावर लाटा. कधी तिथल्या ओलीत थोडी बुरशी पाहुणी येऊन बसते, पण घर तिचं नसतं." त्याचं इंग्रजी नावही सांगितलं, पॅरोनिकिया. माझ्या डोक्यात ते पायऱ्या उतरेपर्यंत टिकलं नाही. सुनेला पाठ आहे.

मी म्हणालो, "मंग नखाची बुरशी कशी असते?"

बाई माझ्या चपलांकडे पाहत होत्या. "बाबा, ती तुमच्या पायाला आहे."

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख कित्येक वर्षांपासून पिवळं, जाड, भुगा पडणारं. एका लग्नात मटकं पडलं होतं त्यावर. मी समजत होतो, मार लागलेलं नख असंच राहतं. बाई म्हणाल्या, मार लागलेल्या नखात बुरशीला बसायला सोपं जातं. मग दाखवलं. माझ्या अंगठ्याची चामडी शहाण्यासारखी, सूज नाही, लाली नाही; बिघाड सगळा नखात, टोकाकडून मागे सरकत गेलेला. सुनेचं उलटं, सूज चामडीत आणि नख फक्त लाटांचं. तरी नजरेवर भरवसा नको म्हणून त्यांनी माझ्या नखाखालचा भुगा खरवडून तपासायला पाठवला. बुरशीच निघाली. रक्त तपासून मला गोळ्या सुरू झाल्या. पायाचं नख नवं यायला वर्ष, दीड वर्ष लागतं म्हणाल्या.

सून तिथेच हसायला लागली. सासू गेल्यापासून इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. "मामाजी, बुरशी तुम्हाले, आन् बदनाम मी! घरचा नेलकटर आजपासून वेगळा."

"हास, हास," मी म्हणालो.

मग मी बाईंना माझ्या बायकोच्या बोटांचं सांगितलं. तिचीही अशीच होती, शेवटपर्यंत. आम्ही म्हणायचो, बोटं सुजली म्हणजे रोटीवर हात बसला. ती कोणाला दाखवायची तेव्हा मान वर करून दाखवायची. बाई हळू बोलल्या, "त्यांनाही आराम पडला असता." ते ऐकायला नको होतं, पण खरं होतं.

औषध साधं होतं. सूज उतरायचा मलम, त्या सांगतील तेवढेच दिवस. पीन बंद. मीठ-हळदीचं पाणी बंद. भांडी-धुणं करायचंच तर आत सुती हातमोजे आणि वर रबराचे, आणि किनार परत येईपर्यंत कणकीला हात नाही.

ते महिने भांडी आणि धुणं मी केलं. शेजारच्या बाया भिंतीवरून म्हणत, "काहून गा बुढे बाबा, सुनेनं कामाले लावलं काय?" मी म्हणायचो, "हो. तुमच्याही घरी म्हातारा असंल त लावा."

पावसाळा सरला तशी बोटांची सूज उतरली. चामडीची किनार नखाला परत चिकटली. मुळाकडून गुळगुळीत नख येताना मला दिसायचं.

तुळशीच्या लग्नानंतर आचारी आला. त्याने आणलेल्या बाईच्या रोट्या मटक्यावर फाटत होत्या. यावेळी चहा यायच्या आधीच म्हणाला, "बाई, ते झालं गेलं. येता काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनेने त्याच्यासमोर दोन्ही हात धरले. "पाहा नीट. बुरशी नोहती. डॉक्टरीणबाईचा कागद हाये, वाचता काय?"

"नाही, नाही."

"येतो मी. पण कणीक भिजवाले आन् भांड्याले तुमचा माणूस लागंल. मी रोटी टाकीन. मध्ये मध्ये हात पुसून कोरडे करीन, तेव्हा घाई करायची नाही. पटत असंल त सांगा, नाही त त्या फाटक्या रोट्या वाढा."

आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहत होतो, पंखा किती मळला आहे ते. तो म्हणाला, "देतो माणूस."

त्या लग्नाला मीही गेलो, चुलीजवळ पोत्यावर बसलो. आचाऱ्याचा धिप्पाड माणूस कणीक आपटत होता. सून त्याला दोनदा म्हणाली, "अजून सैल पाहिजे," आणि त्याने केली. मग तिने रोटी हातांवर झुलवली आणि मटक्यावर टाकली. कुठे भोक नाही. एक वाढपी टोपली उचलताना मला विचारून गेला, ही बाई कोण. मी म्हणालो, सून आहे माझी, आणि थोडा वेळ थांब, तिची पुढची रोटी पाहून जा.