चौरस मीटरबद्दल पालकांना पत्र

जयनगरच्या एका शाळेत मी आठवीला गणित शिकवत होते. सहामाहीत क्षेत्रफळाच्या गणितांत बऱ्याच मुलांचे गुण एककांपायी गेले. पालक विचारू लागले, "आकडा बरोबर आहे, मग गुण का कापले?"

म्हणून मी सगळ्या पालकांना पत्र लिहिलं. चार मीटर लांब आणि पन्नास सेंटिमीटर रुंद पट्टीचं क्षेत्रफळ काढताना मुलं चाराला पन्नासने गुणून दोनशे लिहितात. दोन्ही मापं आधी मीटरमध्ये आणली, तर उत्तर दोन चौरस मीटर येतं. काही जण दोनपर्यंत पोचतात, पण पुढे नुसतं 'मीटर' लिहितात, आणि ती तर लांबी झाली. शेवटी मी विचारलं होतं, एका चौरस मीटरमध्ये किती चौरस सेंटिमीटर?

दोन दिवसांनी एका मुलीचे वडील आले. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. मला वाटलं, भांडायला आले असतील.

"मॅडम, मी घाईत शंभर म्हणालो," ते म्हणाले. "मुलीने गच्चीवर खडूने एक मीटरचा चौरस आखला आणि त्यात दहा-दहा सेंटिमीटरची घरं पाडली. घरंच शंभर झाली, आणि एकेका घरात शंभर चौरस सेंटिमीटर."

"म्हणजे दहा हजार."

"हो. मग तिने माझेही गुण कापले."

गुण वाढवून मागायला ते आलेच नव्हते. शेजाऱ्यांच्या मुलासाठी त्यांना पत्राची आणखी एक प्रत हवी होती. मी ती आनंदाने काढून दिली.