काचेचे चष्मे

खोडाळ्याच्या आश्रमशाळेतल्या मुलींचे डोळे मी तपासले होते. चष्मे देणारे दानशूर गृहस्थ खोकं घेऊन आले, तर सगळी भिंगं काचेची! मी भडकलेच.

"अहो, काच फुटली की तुकडे डोळ्यात जातात. साधं प्लास्टिक हलकं, पण जोरात लागलं तर तेही तडकतं. मुलांना न फुटणारं पॉलीकार्बोनेटच हवं."

"त्यावर ओरखडे फार पडतात, मॅडम."

"म्हणून तर वर हार्ड कोटिंग असतं. शिवाय ओरखडा भिंगावर परवडला, डोळ्यावर नाही. तुमच्या मुलीच्या चष्म्याला कोणतं भिंग आहे?"

"पॉलीकार्बोनेट. ती बॅडमिंटन खेळते ना."

बाहेर अंगणात मुलींची कबड्डी रंगली होती. मी खोकं त्यांच्या हातात परत ठेवलं.

"आधी महिनाभर तुमच्या मुलीला काचेचा चष्मा घाला. मग इथे या."