कार्डाची मागची बाजू

साधना येऊल हिला मी पहिल्यांदा भेटले ती भांडायलाच. राजापेठेतल्या त्या छपाईच्या दुकानात मी शिरले, तेव्हा ती एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या शेवटच्या काकांचं नाव बसवत होती. मान वर न करता तिनं मला खुर्ची दाखवली. मी बसले नाही. माझ्या मुलीचं कॉलेजचं ओळखपत्र तिच्या टेबलावर आपटलं, मागची बाजू वर केली आणि म्हटलं, हे खालचं अक्षर वाचून दाखवा.

तिनं कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"मलेबी नाई वाचता येत," ती म्हणाली. "म्हणून तर मी नाई म्हटलं होतं."

मी भांडायला का गेले होते, ते आधी सांगते. करिश्मा माझी मुलगी. ती सहावीत असल्यापासून तिला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. आम्ही अकोल्याचे. यंदा तिला अमरावतीच्या एका महिला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, वसतिगृहात जागाही मिळाली. प्रवेशाच्या अर्जात मी तिचा रक्तगट, आजार, माझा नंबर, तिच्या मामाचा नंबर, सगळं भरलं होतं. हे कार्डावर येईल ना, असं खिडकीवरच्या बाबूंना दोनदा विचारलं. येते म्हणाले. घरापासून लांब राहणाऱ्या आजारी लेकराच्या आईला एवढ्या एका शब्दावर झोप लागते.

एका रविवारी ट्यूशनहून परत येताना ऑटोतच करिश्माची साखर उतरली. ऑटोवाले देवमनभाऊ भला माणूस. पोरगी कलंडून बरळायला लागलेली पाहून त्यांनी ऑटो बाजूला घेतला. तिच्या मोबाइलला कुलूप होतं, म्हणून त्यांनी गळ्यातलं कार्ड पाहिलं. पुढे फोटो, नाव, बारकोड. मागे अर्ध्याहून जास्त जागेत संस्थेचे संस्थापक आबासाहेब यांचा फेटा बांधलेला फोटो, त्याखाली त्यांचा संदेश, सुवर्ण महोत्सवाचं चिन्ह, आणि सगळ्यात खाली मुंग्यांच्या रांगेसारखी एक ओळ. त्या ओळीत माझा नंबर होता. देवमनभाऊंना चष्म्यातूनही तो दिसला नाही. दिसला तो ठळक छापलेला कॉलेजचा नंबर. त्यांनी तो लावला. रविवारी बंद ऑफिसात फोन वाजत राहिला.

त्यांनीच तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे आधी उपास आहे का म्हणून चौकशी झाली, मग कोणाला तरी साखर तपासायचं सुचलं आणि सलाइनमधून ग्लुकोज दिलं. मला कळलं ते करिश्मा शुद्धीवर येऊन स्वतः बोलली तेव्हा. कार्डावर 'इन्सुलिन घेते' एवढे दोन शब्द वाचता आले असते, तर देवमनभाऊंनी रस्त्यातच तिला साखर चारली असती.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेचे सचिव सूर्यभानजी यांच्यासमोर बसले. त्यांनी चहा मागवला. अक्षर बारीक झालं ही छपाईवाल्यांची चूक, म्हणाले. मग फार उदार होऊन त्यांनी तोडगा काढला: तुमच्या मुलीला लाल किनारीचं वेगळं कार्ड करून देऊ, त्यावर मोठ्या अक्षरात आजार लिहू. बाकीच्या मुली ठणठणीत आहेत, त्यांची कार्डं कशाला बदलायची? खोटं का बोलू, मला बरं वाटलं. तेवढंच घेऊन मी राजापेठेत आले होते.

साधनानं लग्नपत्रिका बंद केली आणि संगणकावर एक जुनी फाइल उघडली. ही तिची पहिली मांडणी. कार्ड एटीएमच्या कार्डाएवढं, त्यात जागा ती किती. तरी पुढे डावीकडे फोटो, उजवीकडे नाव दोन ओळींत. खाली पांढऱ्या पट्टीवर काळा बारकोड, त्याच्या दोन्ही बाजूंना मुद्दाम कोरी सोडलेली जागा. मागे वरच्या अर्ध्यात 'तातडीच्या वेळी', रक्तगट, आजार किंवा ॲलर्जी, आणि दोन नंबर, हातभर अंतरावरून वाचता येतील एवढे. कॉलेजचा पत्ता सगळ्यात खाली.

मग तिनं दुसरी फाइल दाखवली. सूर्यभानजींनी शेजारी बसून करून घेतलेली. संस्थापकांचा फोटो आधी नव्हताच. तो आला, मग मोठा झाला, मग संदेश आला. ज्याला जागा द्यायची त्याला दिली आणि उरलेल्या फटीत माझी लेक कोंबली.

"अन् लाल किनारीचं कार्ड मी नाई करून देत," ती म्हणाली.

मी चिडून विचारलं, का?

"ताई, पोरीच्या गळ्यात वेगळं कार्ड लटकलं का अख्खं कॉलेज इचारते, हिले काय झालं? घंटाभरात वसतिगृहात, आठ दिवसांत सोयरिकीत. म्हणून तर आजार मी मागं टाकला, अन् सगळ्याइच्या कार्डावर तोच रकाना ठेवला. जिले काई नाई, तिच्यापुढं रेघ. मंग कोणाले कोणाचं समजत नाई."

करिश्मानं शाळेत डबा खायच्या आधी सुई टोचायला कोपरे शोधले होते, ते मला ठाऊक होतं. आणि तिच्यासाठी मी लाल किनार मान्य करून आले होते.

त्यानंतर साधनाशी माझं जाणंयेणं सुरू झालं. ती अंजनगाव सुर्जीची. वडील नत्थुजी भाजीपाला लावतात. ती बी.कॉम.ला अमरावतीत आली, संगणकाचा कोर्स केला आणि मनोज नावाच्या माणसाच्या या दुकानात टिकली. बोलणं असं की गिऱ्हाईक पळावं. मनोजची तीच तक्रार. मांडणीचं तिचं शिक्षण लग्नपत्रिकांवर झालेलं. पत्रिकेत एकाही काकाला वगळता येत नाही आणि एकाचंही अक्षर बारीक करता येत नाही. "काकाचं नाव बारीक झालं का तो लग्नात जेवत नाई," ती म्हणायची.

ओळखपत्रालाही ती तोच न्याय लावायची. मांडणी झाली की यादीतलं सगळ्यात लांब नाव आधी घालून बघायची, मग सगळ्यात छोटं. बसत नाही म्हणून संगणकाला आपोआप अक्षर आक्रसू द्यायचं नाही. नाव दुसऱ्या ओळीवर न्यायचं. दोन ओळी फार जवळ आणायच्या नाहीत, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात आणि पोरीचं नाव भलतंच वाचलं जातं. धारणीकडच्या एका मुलीनं आडनाव लिहिलं नव्हतं. तिच्या नावापुढे कॉलेजच्या बाबूंनी टिंब टाकून दिलं होतं. साधनानं ते टिंब काढलं. फोटोंच्या फाइलींना नावं द्यायची नाहीत, हजेरी क्रमांक द्यायचा, कारण एका वर्गात तीन साधना असतात आणि कुणाचं तोंड कुणाच्या नावावर चढतं.

इकडे मी कॉलेजला दोन अर्ज दिले. उत्तर नाही. मग मी एका पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरात नंबर आणि इन्सुलिनचं लिहून करिश्माच्या कार्डाच्या मागे चिकटवलं. चौथ्या दिवशी फाटकावर तो कागद ओरबाडून काढायला लावला. कारण काय, तर संस्थापकांचा चेहरा झाकला जातो. करिश्मानं हे मला फोनवर सांगितलं. गेलेल्या माणसाचा फेटा दिसला पाहिजे. जिवंत पोरगी पडली तर पडो.

पुढे जे झालं ते माझ्यामुळे नाही झालं, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आहे.

सुवर्ण महोत्सवाच्या वर्षात कार्डावर काळ्या रेघा अशुभ दिसतात म्हणून सूर्यभानजींनी बारकोड कुंकवाच्या रंगात छापून घेतला होता. साधनानं तेव्हाच सांगितलं होतं, की वाचायच्या यंत्राचा उजेड लाल असतो; लाल उजेडात लाल रेघ पांढरीच दिसते, यंत्राला ती वेगळी ओळखू येत नाही. आपल्याला दिसतंय ना, मग वाचेल, असं ते म्हणाले. मनोज म्हणाला, गिऱ्हाईक म्हणते ते छाप. ती छापून मोकळी झाली.

दिवाळीनंतर ग्रंथालयाच्या दारात यंत्र बसलं. तपासणी समिती यायची होती आणि तिला संगणकावरची हजेरी दाखवायची होती. पहिल्या मुलीनं कार्ड धरलं, काही नाही. दुसरीनं धरलं, काही नाही. अकराशे कार्डांपैकी एकही वाचलं गेलं नाही. त्याच दुपारी दुकानात फोन आला: सगळी कार्डं नव्यानं, समितीच्या आधी.

मनोज हो म्हणत होता. साधनानं त्याच्या हातून फोन घेतला. त्या वेळी मी तिथेच होते.

"छापून देतो जी," ती म्हणाली. "पण बारकोड काळा, अन् मागची बाजू माह्या पहिल्या मांडणीची. आबासाहेबांचा फोटो गळ्यातल्या फितीवर छापतो, चांगला रंगीत. मंजूर असन तं आत्ताच सांगा, नाईतर दुसरं दुकान पाहा."

मनोजनं कपाळाला हात लावला. समिती नसती तर उत्तर काय आलं असतं, ते मला नीट ठाऊक आहे. पण समिती होती. मंजूर, असं उत्तर आलं.

तेवढ्यावर ती थांबली नाही. छापण्याआधी तिनं वर्गवार याद्या कागदावर काढल्या, कॉलेजच्या व्हरांड्यात बाक टाकून बसली आणि प्रत्येक मुलीला स्वतःची ओळ वाचायला लावली. मीही मदतीला बसले. एका बाकावरून इतका निष्काळजीपणा मी आयुष्यात पाहिला नाही. कितीतरी मुलींच्या नावापुढे एकच नंबर होता: ज्या नेट कॅफेत त्यांनी प्रवेशाचे अर्ज भरले, त्या कॅफेवाल्याचा. त्यानं आपला नंबर टाकून अर्ज पुढे ढकलले होते आणि ऑफिसात कुणालाही ते दिसलं नव्हतं. ठणठणीत मुली, सूर्यभानजी म्हणाले होते. त्यातल्या एकीच्या रकान्यात फिट येतात असं लिहिलेलं निघालं, एकीला पेनिसिलिन चालत नव्हतं.

धारणीची ती मुलगी नंबरच्या रकान्यापाशी अडली. घरी फोन नाही म्हणाली. शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर पाठ होता, तो साधनानं घातला आणि पुढे 'दुकान, आईला बोलवा' असं लिहिलं.

सूर्यभानजी व्हरांड्यातून जाताना थांबले. बारकोड दुरुस्त करायचा होता, एवढं कशाला, असं त्यांनी विचारलं. साधनानं वर पाहिलं नाही.

"तुमचं मशीन वाचते आता," ती म्हणाली. "हे माणसासाठी आहे."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, झालं ना ताई तुमच्या मनासारखं? मी पुढच्या मुलीला बोलावलं. त्यांना द्यायचं उत्तर आता घरात सगळे झोपल्यावर सुचतंय. माझी मुलगी पडली तेव्हा तुमचं एक कार्ड हललं नाही. यंत्र बोललं नाही, तर आठवड्यात अकराशे हलली. फलकावरच्या सूचनेत कारण लिहिलंय, 'तांत्रिक अडचणीमुळे'. करिश्माचं नाव कुठेही नाही. तिच्या दृष्टीनं ते बरंच आहे.

नवं कार्ड घेऊन ती काल घरी आली. मी ते हातभर लांब धरून, चष्मा न लावता वाचलं. रक्तगट, 'इन्सुलिन घेते, शुद्धीत असल्यास साखर द्या', माझा नंबर, मामाचा नंबर. करिश्मा म्हणाली, सगळ्यांचं असंच आहे आई, आणि कार्ड परत गळ्यात अडकवून जेवायला बसली.