कमलाकरांना ओटीपी विचारला जात नसे

हौसाने सुनीताबाईंचं कपाट उघडलं, ते डांबराच्या गोळ्या ठेवायला म्हणून. उघडलं आणि तिथूनच हाक मारली, "आभाताई, जरा इकडं या. हितं गोळ्या ठेवायला जागाच नाय."

आभा आली. आई गेल्यापासून तिने त्या कपाटाला हात लावला नव्हता. साड्यांच्या घड्यांवर, खालच्या कप्प्यात, अगदी दाराला टेकेपर्यंत एकाच आकाराची खोकी रचलेली होती. तिने एक उघडलं. गुडघ्याला बांधायचा पट्टा. दुसरं उघडलं. तोच पट्टा, तेच माप.

"पार्सल येतात ना, दर दोन-तीन आठवड्यांनी," हौसा म्हणाली. "बाबा माज्या हातातनं घेतात नि सोता आत ठेवतात. मला वाटलं, तुमाला ठाव हाय."

आभाला ठाऊक नव्हतं. ती सकाळी खारघरच्या ऑफिसला जायची, ते दिवे लागल्यावर नवीन पनवेलला परतायची. दिवसभर घरात बाबा आणि स्वयंपाकाला येणारी हौसा.

कमलाकर साळवी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरीला होते. सळयांनी भरलेला ट्रक काट्यावर चढला की ते आधी आकड्याकडे बघत आणि मग ड्रायव्हरकडे. आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही, पण त्यांची सही झाल्यावर त्या वजनाबद्दल वादही कुणी घातला नाही. निवृत्त झाल्यावर ते बायकोचे गुडघे सांभाळू लागले. जिना उतरताना तिच्या पुढे एक पायरी राहायचं, भाजीची पिशवी तिच्या हातात येऊ द्यायची नाही. टॅब वापरायला ते शिकले तेही तिच्यासाठी पट्टा मागवायला. सुनीताबाई गेल्या, तेव्हा ते फारसे रडले नाहीत. विसरायला लागले ते त्यानंतर. आधी गॅस, मग चाव्या, मग वार. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा आभाने मान हलवली आणि बाहेर येऊन बराच वेळ रिक्षाच केली नाही.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, हे पट्टे कुणासाठी?"

"अगं, तुझ्या आईचा जुना सैल झालाय," ते म्हणाले. "काल जिन्यात थांबली होती मध्येच."

आभाने हातातला पट्टा परत खोक्यात ठेवला.

हे पैसे इतक्या सहज कसे जात होते, हे मात्र तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती बँकेच्या कार्ड विभागात होती, आणि तिची टीम सांभाळायची ती नेमकी हीच पडताळणी. ऑनलाइन दुकानात ग्राहकाने पैसे भरायचं बटण दाबलं की दुकानाकडून बँकेला माहिती येते: कार्ड कुठलं, रक्कम किती, कोणत्या उपकरणावरून, माल कुठल्या पत्त्यावर, ग्राहक या दुकानाचा जुना की नवा. बँकेची यंत्रणा ती त्या माणसाच्या आजवरच्या वागण्याशी ताडून बघते आणि क्षणात जोखीम ठरवते. जोखीम फार असेल तर नकार. शंका असेल तर ओटीपी. सगळं नेहमीचंच असेल, आणि ग्राहकाने संमती देऊन आपलं उपकरण बँकेकडे नोंदवलेलं असेल, तर त्या उपकरणातून दर वेळी नव्याने येणारी गुप्त खूणच पुरते. ओटीपी विचारलाच जात नाही. खात्यात पैसे आहेत का, हे त्यानंतर वेगळं तपासलं जातं.

बाबांचा टॅब तिनेच नोंदवून दिला होता. त्यांना छोट्या अक्षरांचा त्रास नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती सत्यजीतकडे गेली. सत्यजीत तिचा टीम लीड. "घरच्यांचा रेकॉर्ड मी उघडणार नाही," ती म्हणाली. "बाबांनी तक्रार नोंदवून परवानगी दिलीय. तू बघ."

सत्यजीतने नोंदी काढल्या. बराच वेळ तो स्क्रीन सरकवत राहिला.

"तोच टॅब, तेच दुकान, तोच पत्ता, रक्कमही तीच," तो हळूच म्हणाला. "एका दिवसात चार वेळा झालं असतं तर सिस्टिमने हटकलं असतं. पण हे मध्ये दिवस सोडून आहे. दर वेळी जोखीम आधीपेक्षा कमीच दिसतेय. सिस्टिमच्या लेखी इतका विश्वासू ग्राहक दुसरा नसेल, आभा."

तेच तेच करणं हा बाबांचा आजार होता, आणि यंत्रणेला त्यातच त्यांची ओळख पटत होती.

"एकदाच ओटीपी मागितलाय," सत्यजीत पुढे म्हणाला. "मार्चमध्ये. साडीचं दुकान, पहिल्यांदाच. रक्कम मोठी. ओटीपी पाठवला, तीन वेळा चुकीचा टाकला गेला, व्यवहार रद्द."

मार्चमध्ये आभाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले होते, "तुझ्यासाठी एक जांभळी बघितली होती गं. पण राहिलं." ती हसून म्हणाली होती, "मला कशाला साडी?"

सत्यजीतला तिने यातलं काही सांगितलं नाही. तो खाली चहा आणायला गेला, आणि तो परत येईपर्यंत तिने चेहरा धुऊन घेतला.

घरी येऊन तिने बाबांसमोर बँकेचं ॲप उघडलं. "बाबा, आता प्रत्येक वेळी ओटीपी विचारतील असं करूया का? सुरक्षित राहील."

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले, आणि तिने दाखवलं तिथे बोट ठेवलं.

पुढच्या रविवारी ती भाजी निवडत होती. बाबा टॅब घेऊन बसले होते. मोबाइल वाजला. त्यांनी तो उचलला, आकडे वाचले, टॅबकडे वळले आणि थांबले. पुन्हा मोबाइल घेतला. ओठ हलत होते. टनांचे आकडे तोंडपाठ ठेवणारा हा माणूस, सहा आकडे एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर नेताना वाटेतच हरवत होता. तिसऱ्यांदा चुकल्यावर पडद्यावर लाल ओळ आली.

"आभा," त्यांनी विचारलं, "हे मला ओळखत नाहीत का?"

"ओळखतात बाबा."

"मग विचारतात कशाला? मी कमलाकरच आहे ना?"

तिच्या हातातली मेथी तशीच राहिली. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "तुम्ही कमलाकरच आहात," ती म्हणाली. "माझे बाबा आहात."

त्या रात्री जेवण झाल्यावर तिने त्यांना विचारूनच ती सक्ती काढून टाकली. कार्डाची मर्यादा एका पट्ट्यापुरती खाली आणली. व्यवहाराची सूचना आपल्या मोबाइलवर येईल अशी सोय केली आणि पार्सल आलं की न उघडता परत पाठवायचं हौसाला सांगितलं.

"पन बाबांनी इचारलं तर?" हौसाने विचारलं.

"सांग, आईने घेतला."

हौसाने तिच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

त्यानंतर ऑफिसात कधीतरी आभाचा मोबाइल थरथरायचा. ओटीपीशिवाय पार पडलेला व्यवहार, त्याच दुकानात. तिला दर वेळी आत कुठेतरी दुखायचं, आणि बरंही वाटायचं. आज बाबांना आई आठवली होती. जिन्यात थांबलेली दिसली होती.

पावसाळा सरता सरता सूचना लांबल्या. गणपती गेले, एकही आली नाही. दिवाळीच्या आधी तिने सत्यजीतला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपल्याकडून काही अडत नाहीये ना? बघशील?"

त्याने बघितलं. "नाही गं. काही आलेलंच नाही त्यांच्याकडून."

ती घरी आली तेव्हा टॅब टीपॉयवर होता, चार्जिंग संपलेला. बाबा गॅलरीत बसून खालच्या रस्त्याकडे बघत होते. तिने चप्पल काढली आणि विचारलं, "बाबा, आज आईसाठी काही मागवायचंय का?"

त्यांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर अनोळखी माणसाशी वागतानाची सभ्यता होती.

"कुणाच्या आईसाठी?" त्यांनी विचारलं.